घशासाठी आणलेल्या गोळ्या आता तापाला?

प्रश्न: मागच्या वेळी घशासाठी दिलेल्या अमॉक्सिक्लॅव्ह ६२५ च्या चार गोळ्या उरल्या आहेत. नागपुरात राहतो, दोन दिवसांपासून ताप आहे. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ, कारण पावसाळ्यात इकडे येणाऱ्या तापांपैकी बऱ्याच तापांवर ही अँटिबायोटिक गोळी चालतच नाही. डेंग्यू विषाणूचा, त्यावर तिचा शून्य उपयोग; उलट जुलाब लागले तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं. खरी फसगत स्क्रब टायफसमध्ये, म्हणजे गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने येणाऱ्या तापात होते. २०१८ साली नागपूर-विदर्भात त्याचे बरेच रुग्ण निघाले होते. त्याचे जंतू पेशींच्या आत राहतात, तिथे अमॉक्सिक्लॅव्ह कुचकामी. सहसा डॉक्सिसायक्लिन द्यावी लागते. तुम्ही दोन दिवस गोळ्यांचा गुण येण्याची वाट पाहता आणि तोवर आजार फुप्फुस, किडनीपर्यंत जाऊ शकतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली न दुखणारी काळी खपली दिसते का बघा. नसली तरी आजार असू शकतो. टायफॉइड असेल तर अर्धवट डोसमुळे जंतू दबतात आणि रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, म्हणजे ब्लड कल्चर, निगेटिव्ह येऊ शकतं. मग नेमकं औषध निवडायचं कशावरून?

तपासणीपर्यंत तापाला साधं पॅरासिटामॉल चालतं (लिव्हरचा त्रास नसेल तर). डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको. एखादी गोळी आधीच घेतली असेल, तर पुढची घेऊ नका आणि तपासणीला रक्त देण्याआधी ती स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा. धाप, गुंगी, रक्तस्राव किंवा सतत उलट्या असतील तर मात्र लगेच कॅज्युअल्टीत जा.