बीडीएनएफ, चालणे आणि अण्णांची स्मृती

प्रश्न: माझं वय ५२. रोज व्यायाम केला की मेंदूत बीडीएनएफ नावाचं, मेंदूच्या पेशींना पोसणारं प्रथिन वाढतं आणि म्हातारपणी विसर पडत नाही, असं वाचलं. हे खरं आहे का? बीडीएनएफची रक्ततपासणी करून घ्यावी का?

रक्ततपासणी करू नका. रक्तातले बहुतांश बीडीएनएफ प्लेटलेट्समध्ये साठलेले असते आणि नळीत रक्त गोठताना ते बाहेर पडते. त्यामुळे रक्त किती वेळ गोठू दिले यावरही आकडा बदलतो, आणि तुमच्या मेंदूची स्थिती त्यावरून कळत नाही.

माझ्या वडिलांना अल्झायमर होता आणि शेवटची सहा वर्षे ते साताऱ्याला माझ्याकडे होते. पुण्याहून दादाचा दर रविवारी फोन येई आणि त्याचे एकच म्हणणे असे: "तू अण्णांना नेमाने चालवत नाहीस, म्हणून त्यांचे विसरणे वाढते आहे." त्याने कुठेतरी वाचले होते की चालण्याने हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग, वाढतो. ते वाक्य मला इतके लागले की मी मूळ संशोधन शोधून वाचले.

ते संशोधन खरे आहे. अमेरिकेत कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी ते २०११ साली प्रसिद्ध केले. ५५ ते ८० वयाच्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या १२० जणांपैकी निम्म्यांना वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस चालवले आणि उरलेल्यांकडून स्नायू ताणण्याचे हलके व्यायाम करून घेतले. चालणाऱ्यांनी १० मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवत ४० मिनिटे गाठली. वर्षाअखेरीस त्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले, तर दुसऱ्या गटाचे सुमारे १.४ टक्क्यांनी घटले. पण त्याच लेखातल्या दोन गोष्टी दादाला कोणी सांगितल्या नव्हत्या. रक्तातल्या बीडीएनएफमधला बदल दोन्ही गटांत सारखाच होता. फक्त चालणाऱ्यांपैकी ज्यांचे बीडीएनएफ जास्त वाढले, त्यांचा हिप्पोकॅम्पसही जास्त वाढलेला दिसला. आणि स्मृतीच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले. चालणारे पुढे गेले नाहीत.

शिवाय ती माणसे निरोगी होती. अण्णा निरोगी नव्हते.

मी त्यांना रोज सकाळी चालायला नेत होतेच. आमच्या गल्लीत ते प्रत्येक फाटकापाशी थांबत आणि उघडी असलेली कडी लावून मगच पुढे निघत. परत येईपर्यंत पाऊण तास जाई आणि पायरीवर बसून चपला काढताना ते मला विचारत, "आज आपण फिरायला जायचे ना?" त्यांचे पाय शेवटपर्यंत खणखणीत राहिले, स्मृती मात्र घसरतच गेली. इंग्लंडमध्ये सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ जणांवर झालेली 'डापा' चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यात मला नेमके हेच वाचायला मिळाले. चार महिने कसून व्यायाम केलेल्यांची शारीरिक क्षमता वाढली, पण वर्षभरानंतर त्यांची बौद्धिक घसरण मंदावलेली नव्हती. आजार जडल्यावर चालवून तो थोपवता येतो, असे त्या चाचणीत दिसले नाही, आणि घरात सेवा करणाऱ्या माणसावर तो ठपका ठेवणे अन्यायाचे आहे.

मनःस्थितीबाबत पुरावा मला अधिक भक्कम वाटतो. ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथल यांनी नैराश्याचा आजार असलेल्या, पन्नाशीपुढच्या १५६ जणांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. १६ आठवड्यांनंतर व्यायाम करणारे आणि सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध घेणारे जवळपास सारखेच सुधारले होते, मात्र औषधाचा गुण लवकर आला होता. अण्णा गेल्यावर मी स्वतः डॉक्टरांनी दिलेली गोळीही घेतली आणि चाललेही. त्यातले कशाने किती बरे वाटले, हे मला वेगळे काढता येणार नाही.

तुमच्या वयाला चालायचे असेल तर दमछाक थोडी झाली पाहिजे. २२० मधून वय वजा केले की १६८ उरतात. विश्रांतीची नाडी ७२ धरली तर फरक ९६ येतो. त्याचे ६० टक्के म्हणजे सुमारे ५८. ते ७२ मध्ये मिळवले की १३० होतात. एरिक्सन यांच्या गटाने सातव्या आठवड्यानंतर ६० ते ७५ टक्के हा पट्टा ठेवला होता, म्हणजे तुमच्यासाठी साधारण १३० ते १४४. थांबल्याबरोबर मनगटावर १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेत असाल तर हा हिशेब लागू होत नाही, कारण त्या गोळीने नाडी नेहमीइतकी चढत नाही. तेव्हा बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवा. छातीत दुखत असेल किंवा हृदयाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दादाला मी 'डापा'चा तो लेख पाठवला होता. त्याने तो वाचला की नाही हे त्याने कधी सांगितले नाही, पण त्यानंतरच्या रविवारच्या फोनवर त्याने चालण्याचा विषय काढला नाही. अण्णा जेवले का, एवढेच विचारले.