थंबनेलवर क्लिक येतात, पण लोक टिकत नाहीत

प्रश्न: ठाण्याच्या तलावांवरचा २५ मिनिटांचा व्हिडिओ आहे. क्लिक बरे येतात, पण अर्ध्या मिनिटात लोक निघून जातात. काय बदलू?

उत्तर: आधी सुरुवात बदला, थंबनेल नंतर. माझ्या मासुंदा तलावाच्या व्हिडिओचंही असंच झालं होतं. थंबनेलवर पहाटेचं कोपिनेश्वर मंदिर होतं, पण व्हिडिओ सुरू व्हायचा लोगो, नमस्कार आणि ड्रोनच्या दृश्यांनी. मंदिर यायचं थेट चाळिसाव्या सेकंदाला! ज्यासाठी माणूस आला, ते समोर दिसेना म्हणून तो जायचा. YouTube Studio मधल्या रिटेन्शनच्या आलेखात ती घसरण स्पष्ट दिसते.

पुन्हा अपलोड करू नका. तिथल्याच एडिटरमध्ये सुरुवातीचा भाग कापता येतो आणि व्ह्यूज तसेच राहतात. थंबनेलवरचं दृश्य पहिल्या पाच सेकंदांत येऊ द्या. आणि हो, थंबनेलचा उजवा खालचा कोपरा मोकळा ठेवा, तिथे व्हिडिओची वेळ येते.