व्हिडिओ करून थकलास ना? मग आधी विषयांची वही भर
दोन आठवडे शूटिंग आणि एडिटिंग दोन्ही बंद ठेव. तयार व्हिडिओ असतील ते शेड्यूल करून टाक. फोनवर नोंदी मात्र चालू ठेव. ‘म्हापशाचा बाजार’ एवढंच लिहिलंस तर महिन्याभराने त्यातून काही सुचणार नाही, प्रश्न लिही. मे महिन्यातल्या शुक्रवारी गोव्यातल्या या बाजारात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी जोरात असते. ‘सुके बांगडे नीट वाळलेत हे कसं ओळखायचं?’, ‘कोकमाची सोलां पावसाळाभर बुरशीविना कशी टिकवायची?’ हे दोन वेगळे व्हिडिओ झाले. प्रत्येकापुढे शूटचा महिना टाक. पुरुमेंत मेमध्येच, कारण १ जूनपासून मासेमारीचे ट्रॉलर बंद आणि पाऊसही दारात. दोन आठवड्यांनी परतताना घरच्या घरी होणारा विषय घे. नोंदी चाळूनही कंटाळाच आला, तर माझ्या मते अजून थांब.