जुन्या कागदातलं न वाचता येणारं भाषांतरात कसं दाखवायचं?

प्रश्न: आजोबांच्या कन्नड खरेदीखताची झेरॉक्स आहे, मराठी करतोय, काही शब्द लागतच नाहीत, अंदाजाने लिहू का?

उत्तर: अंदाजाने अजिबात लिहू नका. मी सोलापुरात अक्कलकोटकडचे असे कागद मराठीत करते. भाषांतरकाराचं म्हणणं कायम चौकोनी कंसात टाकायचं, कारण गोल कंस मुळातच असू शकतो, आणि हे वरतीच एका ओळीत सांगून टाकायचं. शिक्क्याखाली शब्द गेले तर [अवाचनीय, सुमारे २ शब्द], कडेला झेरॉक्स कापली असेल तर [कडेला कापलं आहे]. गट नंबरात कन्नड ६ आणि ९ पुसट झाले की सारखेच दिसतात, तिथे १४[६ किंवा ९] असं लिहा, सातबाऱ्यावरून कळलं तरी आकडा भरू नका, तळटीपेत सांगा.

शब्द स्पष्ट पण अर्थ दोन, हे जास्त फसवं. कन्नडात ‘माव’ म्हणजे मामा पण आणि सासरे पण. तुम्ही सरळ मामा लिहिलंत की वारसाचं नातंच बदललं बघा! म्हणून ‘माव [मामा किंवा सासरे]’ असंच ठेवा. आणि आधी मूळ कागदाचा रंगीत स्कॅन मागवा, शिक्क्याची शाई वेगळ्या रंगाची असली तर खालची अक्षरं बऱ्याचदा दिसतात.