एक तारखेला जिम, सहा तारखेला रामराम

प्रश्न: "टिळकवाडीतल्या एका जिमात वर्षाचे पैसे भरले आणि सहाव्या दिवशी जिम सोडली. पहिल्याच दिवशी १०० बैठका, वर डंबेल घेऊन लंजेस, एका पायाला २०, असे तीन सेट. तिसऱ्या दिवशी घरचा जिना कठड्याला मिठी मारून उतरलो. खाली बसायचं म्हटलं की देव आठवायचा. आई म्हणाली, कुंदा खा, बरं वाटंल. ट्रेनर म्हणाला, दुखतंय म्हणजे बॉडी बनतेय. कोण खरं? आणि पैशाचं काय?"

कुंद्यानं दुखणं जात नाही, पण ट्रेनरच्या सल्ल्यापेक्षा त्यात नुकसान कमी आहे. दुखणं हा व्यायाम चांगला झाल्याचा पुरावा नव्हे. सवय नसलेल्या स्नायूंवर एकदम भार पडला, एवढंच त्यावरून कळतं.

जिना चढताना तेवढं दुखलं नसेल, उतरताना जीव गेला असेल. गोम तिथंच आहे. बैठकीत खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचं वजन धरून ब्रेकही लावत असतो. सगळ्यात जास्त सूक्ष्म इजा या ब्रेक लावण्यात होते. तुमचा हिशेब मांडा की: १०० बैठका आणि एका पायाचे ६० लंजेस, म्हणजे प्रत्येक मांडीनं पहिल्याच दिवशी १६० वेळा ब्रेक लावला, त्यातले ६० डंबेलसकट. डिसेंबरभर खुर्चीत बसलेली मांडी ती!

हे दुखणं लगेच येत नाही, म्हणून माणूस फसतो. पहिल्या दिवशी घाम पुसत छाती फुगवून घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिगेला पोचतो आणि पाच ते सात दिवसांत ओसरतो. 'लॅक्टिक ॲसिड साठलंय' असं जिमात सांगतात, पण ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं. तिसऱ्या दिवसाच्या जिन्याशी त्याचा संबंध नाही.

आता खरी गंमत. एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला बराच कमी दुखतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे दुखण्याची किंमत तुम्ही पूर्ण चुकती केली आणि माल हातात येणार त्या दिवशी दुकानातून निघून आलात. पुन्हा जायचं तर संक्रांतीच्या आसपासच जा. मार्चपर्यंत थांबलात तर हा फायदा बराचसा ओसरलेला असू शकतो.

गेल्यावर पायांसाठी एकच व्यायाम घ्या: मागं बाक ठेवून, त्याला टेकेपर्यंत बैठक, हातात काही नाही. पहिल्या दिवशी १० चा एकच सेट. खाली जायला दोन सेकंद घ्या, धप्पकन बसू नका. अजून तीन-चार सहज निघतील असं वाटत असतानाच थांबायचं. हे फार कमी वाटेल, ट्रेनर तोंड वाकडं करंल, करू दे. तीन दिवसांनी दोन सेट, पुढच्या आठवड्यात तीन. तीन सेट झाल्यावर दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता आला, तरच अडीच किलोचं डंबेल छातीशी धरा. लंजेस पहिले दोन आठवडे नकोतच, त्यात ब्रेकचा भार एकेका पायावर येतो. आठवड्यातून दोन दिवस पुरे. थोडं दुखत असलं तरी चाला, चालण्यानं आखडलेपण तात्पुरतं सुटतं. वेदनाशामक गोळी घेऊन त्याच पायांवर पुन्हा जोर काढू नका.

साधं दुखणं दोन्ही पायांत, पसरलेलं, दाबल्यावर आणि हलल्यावर जाणवणारं असतं. व्यायाम करतानाच एका जागी कळ आली किंवा गुडघा सुजला तर ती दुखापत, तिथं हा हिशेब लागू नाही. आणि एक गोष्ट थट्टेवारी नेऊ नका: मांडी टम्म सुजली, पायात बळच राहिलं नाही किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरले की मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टरांना 'जिमात पहिल्या दिवशी १०० बैठका मारल्या' हे लाजत न बसता सांगा, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारी सीके ही रक्ततपासणी लगेच होईल.

पैशाचं म्हणाल तर परत मागण्यात बहुतेक वेळा दमच जातो. त्यापेक्षा मुदत दोन महिने गोठवता येते का, किंवा पास भावाच्या नावावर करता येतो का, हे पावतीच्या मागच्या अटींत बघा आणि जे ठरंल ते लिहून घ्या. भावाच्या नावावर केलाच, तर त्याला आधी ते १० बैठकांचं सांगा ओ.