संयुक्त विकसनाचा सामंजस्य करार : बंधनकारक काय आणि नुसता मानस काय?

प्रश्न : पुण्याजवळ आमची भावंडांची सामाईक 40 गुंठे जमीन आहे. बिल्डर म्हणतो, आधी एमओयू म्हणजे सामंजस्य करार करू, तो काही बंधनकारक नसतो. मसुद्यात काय पाहावे?

उत्तर : मसुदा वाचल्याशिवाय हे म्हणणे मान्य करू नका. मी जमिनीच्या व्यवहारांचे मसुदे करणारा वकील आहे. न्यायालय कागदाचा मथळा पाहून थांबत नाही. आतली कलमे काय सांगतात आणि सह्या झाल्यावर पक्षकार कसे वागले, हे ते पाहते. पुढे रीतसर करारनामा होणार आहे एवढ्याच कारणाने आधी झालेला करार निष्प्रभ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कोल्लिपारा श्रीरामुलु प्रकरणात 1968 सालीच म्हटले आहे. मात्र संपूर्ण लेखच ‘बंधनकारक नाही’ असा केला, तर गोपनीयता किंवा मुदत संपल्यावर मोकळे होण्याचा तुमचा हक्क, यांनाही आधार उरत नाही. म्हणून मी लेखाचे दोन स्वतंत्र भाग करतो आणि कोणते कलम कोणत्या भागात आहे, हे क्रमांकासह लिहितो.

पहिल्या भागात फक्त मानस येतो. समजा, बांधीव क्षेत्र 45:55 असे वाटून घ्यायचे तोंडी ठरले आहे. पण 45 टक्के कशाचे, हे आज कोणालाच नक्की सांगता येत नाही, कारण मोजणी व्हायची आहे आणि मिळणारा चटई क्षेत्र निर्देशांक समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. अधिमूल्य भरून घेतलेले क्षेत्र आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कातून मिळणारे क्षेत्र, या वाटणीत धरायचे की नाही, हेही ठरलेले नाही. त्यामुळे कलम असे लिहावे : ‘मोजणी, मालकी हक्काचा शोध अहवाल आणि अनुज्ञेय क्षेत्राची गणना झाल्यानंतर सुमारे 45:55 या प्रमाणात वाटणी करण्याचा उभय पक्षांचा मानस आहे, नोंदणीकृत विकसन करारनामा होईपर्यंत या कलमामुळे कोणताही हक्क किंवा दायित्व निर्माण होणार नाही.’

बिल्डरकडून येणाऱ्या मसुद्यात याच जागी बहुधा ‘जमीनमालक या लेखाद्वारे विकसनाचे हक्क देत आहेत’ असे वाक्य असते. ते वर्तमानकाळी ‘देत आहेत’ खोडून टाका. त्याने हक्क आजच दिल्यासारखा होतो आणि महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची 1 मधील अनुच्छेद 5(जी-ए) लागू होऊन अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे खरेदीखताच्या, दराने मुद्रांक शुल्क मागितले जाऊ शकते. ते भरलेले नसेल, तर तुटीची रक्कम आणि दंड भरेपर्यंत तो लेख न्यायालयात पुराव्यात घेतला जात नाही.

दुसरा भाग बंधनकारक, आणि तो नेमकाच हवा. ‘120 दिवस जमीनमालक अन्य कोणाशी बोलणी करणार नाहीत’ हे कलम बिल्डरला रास्तपणे हवे असते, कारण शोध अहवाल आणि मोजणीचा खर्च तो करतो. पण मुदत सहीच्या तारखेपासून मोजावी, ती आपोआप संपावी आणि वाढवायची झाल्यास दोन्ही पक्षांच्या लेखी सहीनेच वाढावी. ‘करारनामा होईपर्यंत’ असे शब्द आले, तर जमीन वर्षानुवर्षे अडकून पडते.

सर्वाधिक भांडणे मी अनामतीवर पाहिली आहेत. समजा रक्कम 10 लाख आहे. ती ‘मोबदल्यापोटी’ किंवा ‘इसार म्हणून’ घेतली असे लिहिले, की सौदा पक्का झाला होता या बिल्डरच्या दाव्याला पुरावा मिळतो. त्याऐवजी ती परताव्यायोग्य, बिनव्याजी अनामत असल्याचे लिहा, मुदत संपल्यापासून 30 दिवसांत परत करण्याचे बंधन स्वीकारा, आणि परतफेड होईपर्यंत बिल्डरचा जमिनीवर कोणताही बोजा राहणार नाही, हेही त्याच कलमात घाला. तुम्ही मुदतीत दुसऱ्याशी बोलणी केली, तर बिल्डरचा झालेला प्रत्यक्ष खर्च किती मर्यादेपर्यंत भरून द्यायचा, तेही आधीच ठरवून टाका.

गोपनीयता, लवाद आणि ज्याचा खर्च त्याने करण्याची कलमे याच भागात येतात. त्यांवर फारसा वाद होत नाही. ताब्याबाबत मात्र एक ओळ काटेकोर हवी : बिल्डरला केवळ मोजणी आणि माती परीक्षणासाठी प्रवेशाची परवानगी आहे, ताबा मालकांकडेच आहे. त्याच्या नावाचा फलक, तारेचे कुंपण, कुलमुखत्यारपत्र आणि मूळ कागदपत्रे, यांपैकी काहीही या टप्प्यावर देऊ नका. यातली एखादी गोष्ट जरी दिली, तरी ‘मानस’ लिहिलेल्या कलमाचा अर्थ तुमच्या वागण्यावरून लावला जातो.

सातबाऱ्यावर नाव असो वा नसो, हिस्सा असलेल्या प्रत्येक भावंडाची, बहिणींसह, सही घ्या. आणि 120 दिवस उलटल्यावर बिल्डरने आणखी काही रक्कम खात्यात भरली, तर ती ठेवून घेऊ नका. मुदतवाढीचा लेख झालेला नसेल, तर लेखी कळवून ती ताबडतोब परत करा.