एकाच जागेसाठी दोन एजन्सींकडून रेझ्युमे गेला तर?

हिंजवडीतल्या एकाच कंपनीत, एकाच जागेसाठी दोन एजन्सींनी माझा रेझ्युमे पाठवलाय. आता काय करू?

आधी मेल उघडून तारखा बघा: लेखी होकार आधी कोणाला दिला होता? समजा, पहिलीला सोमवारी जॉब आयडीसकट होकार दिलात आणि दुसरीने बुधवारी न विचारताच पाठवला. मग दुसरीला आजच मेल करा: ‘या जॉब आयडीसाठी माझी संमती नव्हती, माझा अर्ज मागे घ्या.’ त्याची प्रत पहिलीला द्या. कमिशन कोणाला द्यायचं या वादात पडण्यापेक्षा काही कंपन्या उमेदवारच वगळतात, म्हणून गप्प राहू नका. एचआरने विचारलं तर सोमवारचा मेल दाखवा. दुसरीने मागची तारीख घालून संमती मागितली, तर कृपा करून देऊ नका.